पीएफ पासबुकातलं व्याज आपल्या हिशेबापेक्षा कमी का दिसतं?

प्रश्न : मी जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात मशीन ऑपरेटर आहे. बेसिक आणि डीए मिळून पंधरा हजार. १ एप्रिल २०२४ ला पीएफमध्ये १,५६,००० रुपये होते, त्यात माझा हिस्सा १,२०,००० आणि कंपनीचा ३६,०००. वर्षभरात आणखी २८,२०० जमा झाले. नोव्हेंबरात वडिलांच्या ऑपरेशनसाठी ६०,००० काढले. ८.२५ टक्क्यांनी १५,१९६ रुपये व्याज यायला पाहिजे होतं, आलं ११,८७४. अकाउंटंट म्हणतो बरोबर आहे. आणि हे व्याज पासबुकात दिसलं ते जुलै २०२५ मध्ये, मग मधल्या महिन्यांचं बुडालं का? आधी सुरतला कामाला होतो, तिथलं खातं तसंच पडून आहे. त्यावरचं व्याज बंद झालं असेल का?

उत्तर :

भाऊ, ११,८७४ हा आकडा रुपयापर्यंत बरोबर आहे. जुलैपर्यंतचं व्याजही बुडालेलं नाही, आणि सुरतच्या खात्यावर व्याज चालू आहे. पण अकाउंटंटने नुसतं ‘बरोबर आहे’ म्हणून भागत नाही, कारण पुढच्या वर्षी तुम्हाला हा हिशेब स्वतः तपासता आला पाहिजे. म्हणून तुमचेच आकडे घेऊन एकदा पूर्ण मांडतो.

तुम्ही सुरुवातीची शिल्लक आणि वर्षभराची जमा यांची बेरीज केली आणि तिच्यावर सरळ ८.२५ टक्के काढले. म्हणजे सगळे पैसे १ एप्रिलपासूनच खात्यात होते आणि ३१ मार्चपर्यंत हललेच नाहीत, असं धरलं. पीएफमध्ये तसं चालत नाही. तिथे प्रत्येक रुपयाची हजेरी लागते : किती महिने खात्यात हजर होता, तेवढ्याच महिन्यांचं व्याज. मोजणी दर महिन्याच्या शिल्लकेवर होते आणि सगळ्या महिन्यांचं मिळून व्याज वर्षाच्या शेवटी, ३१ मार्चच्या तारखेने, एकदम जमा होतं.

हा नियम कर्मचारी भविष्य निर्वाह निधी योजना, १९५२ च्या परिच्छेद ६० मध्ये आहे. त्यात तीन प्रकारच्या पैशांसाठी तीन वेगळे हिशेब सांगितलेत. मागच्या वर्षअखेरची जी शिल्लक होती, तिच्यातून या वर्षी काढलेली रक्कम वजा करायची आणि उरेल त्यावर पूर्ण बारा महिन्यांचं व्याज द्यायचं. काढलेल्या रकमेवर १ एप्रिलपासून, ज्या महिन्यात पैसे काढले त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत. आणि वर्षभरात नव्याने जमा झालेल्या रकमेवर, ती ज्या महिन्यात जमा झाली त्याच्या पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून ३१ मार्चपर्यंत. सगळं मिळून जे येईल ते जवळच्या रुपयात पूर्ण करायचं, पन्नास पैसे किंवा जास्त असले तर वरचा रुपया. बस, एवढंच आहे.

आता तुमचा हिस्सा घेऊ. पासबुकात तुमचा आणि कंपनीचा हिस्सा वेगवेगळ्या रकान्यांत असतो आणि व्याजही वेगवेगळं काढलेलं असतं, म्हणून तपासतानाही दोन्ही वेगळेच ठेवा. पहिल्यांदा तपासणारे बरेच जण इथेच दोन्हींची बेरीज करून बसतात आणि मग एकदोन रुपयांचा फरक कुठून आला ते शोधत राहतात.

सुरुवातीला १,२०,००० होते. आजारपणासाठीची ही उचल तुमच्या हिश्श्यातून गेली, त्यामुळे ६०,००० इथूनच वजा करायचे. उरलेले ६०,००० पूर्ण बारा महिने हजर, म्हणजे ६०,००० गुणिले १२ = ७,२०,०००. काढलेले ६०,००० एप्रिल ते ऑक्टोबर असे सात महिने हजर, म्हणजे ४,२०,०००.

राहिली दर महिन्याची १,८०० रुपयांची कपात. एप्रिलमध्ये भरलेल्या पैशांचं व्याज मे पासून सुरू होतं, म्हणून त्याला ११ महिने. मे मधल्याला १०, जूनमधल्याला ९, असं उतरत उतरत फेब्रुवारीत भरलेल्याला १ आणि मार्चमध्ये भरलेल्याला शून्य. ११ पासून ० पर्यंतची बेरीज ६६ होते. हा ६६ आकडा लक्षात ठेवा. ज्याची कपात वर्षभर सारखी आहे त्याच्यासाठी तो कधीच बदलत नाही. तुमचे १,८०० गुणिले ६६ = १,१८,८००.

तिन्हींची बेरीज १२,५८,८००. ८.२५ टक्के वार्षिक म्हणजे महिन्याला ०.६८७५ टक्के. त्याने गुणलं की ८,६५४ रुपये २५ पैसे येतात, पासबुकात ८,६५४. मोबाइलमधल्या एक्सेल किंवा शीटमध्ये हे असं लिहा :

```
=ROUND((60000*12 + 60000*7 + 1800*66)*8.25/1200, 0)
```

कंपनीच्या हिश्श्यात काढणं काही नाही, म्हणून तो सोपा. ३६,००० गुणिले १२ अधिक ५५० गुणिले ६६, म्हणजे ४,६८,३००. त्याचं व्याज ३,२१९ रुपये ५६ पैसे, पूर्ण करून ३,२२०.

```
=ROUND((36000*12 + 550*66)*8.25/1200, 0)
```

८,६५४ आणि ३,२२० मिळून ११,८७४. तुमच्या हिशेबातले ३,३२२ रुपये कुठे गेले तेही आता नीट सांगता येतं. ६०,००० रुपये नोव्हेंबर ते मार्च असे पाच महिने खात्यात नव्हते, त्याचे २,०६२ रुपये. बाकीचे साधारण १,२६० रुपये नव्या जमेचे : २८,२०० वर तुम्ही पूर्ण वर्षाचं व्याज धरलं होतं, पण ते पैसे थोडेथोडे करून वर्षभर येत राहिले. यापेक्षा वेगळं कुठलंही कारण नाही, कोणी काही कापलेलं नाही.

तुम्ही विचारलं नाही, पण कंपनीचे बारा टक्केही १,८०० होतात आणि पासबुकात ५५० च दिसतात. उरलेले १,२५० पेन्शन योजनेत जातात. पासबुकात पेन्शनचा तिसरा रकाना असतो, त्याच्यासमोर व्याज कायम शून्य असतं. ते बरोबरच आहे. पेन्शनचा हिशेब नोकरीची वर्षं आणि पगार यांवर होतो, त्या रकान्यातल्या जमेवर व्याज धरत नाहीत. व्याज तपासताना तो रकाना पूर्ण बाजूला ठेवायचा.

पगाराचा महिना आणि जमेचा महिना

घरी हिशेब मांडणाऱ्यांची सर्वांत जास्त गडबड इथे होते. मार्चच्या पगारातली कपात कंपनीने एप्रिलच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. म्हणून पीएफच्या २०२४-२५ या वर्षात मार्च २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या पगारांची कपात येते. मार्च २०२५ च्या पगाराची कपात एप्रिल २०२५ मध्ये भरली जाते आणि पुढच्या वर्षात पडते. तुम्ही एप्रिल ते मार्च अशा बारा पगार स्लिपा घेऊन बसलात तर वर्षाच्या दोन्ही टोकांना हिशेब एका महिन्याने सरकतो. पगार सारखाच असेल तर फरक कळतही नाही. मध्ये इन्क्रिमेंट झालं असेल तर लगेच कळतो.

पासबुकातली ओळ वाचायची पद्धत अशी. पहिल्या रकान्यात `Wage Month` असतो, म्हणजे पगाराचा महिना. तपशिलात `Cont. For Due-Month 052024` असं काहीतरी लिहिलेलं असतं. हा ड्यू मंथ पगाराच्या पुढचा महिना असतो, म्हणजे एप्रिल २०२४ च्या पगाराचा ड्यू मंथ मे २०२४. व्याजाचे महिने मोजायचे ते या जमेच्या महिन्याच्या पुढच्या महिन्यापासून. मे मध्ये जमा, तर जूनपासून मार्चपर्यंत दहा महिने.

समजा तुमचा पगार ऑक्टोबरपासून वाढला. ऑक्टोबरच्या पगाराची कपात नोव्हेंबरात भरली जाईल. मग एप्रिल ते ऑक्टोबर या सात भरण्यांच्या महिन्यांची बेरीज ५६ आणि नोव्हेंबर ते मार्च या पाच भरण्यांची १०. जुन्या कपातीला ५६ ने आणि नव्या कपातीला १० ने गुणायचं, दोन्ही मिळून ६६ च झाले पाहिजेत. म्हणूनच वर्षाच्या मध्यात पगार वाढला तरी त्या वर्षीच्या व्याजात फारसा उठाव दिसत नाही.

अजून एक गैरसमज वारंवार भेटतो. पोस्टातल्या पीपीएफला ५ तारखेचा नियम आहे : ५ तारखेच्या आत भरलं तर त्या महिन्याचं व्याज मिळतं. तो नियम इथे लावू नका. कारखान्याच्या पीएफमध्ये महिन्याच्या ४ तारखेला भरलं काय आणि १४ ला भरलं काय, व्याज पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासूनच सुरू होतं.

पैसे काढायचे असतील तर महिना महत्त्वाचा

तुमचे ६०,००० नोव्हेंबरात निघाले, म्हणून ऑक्टोबरअखेरपर्यंतचं व्याज मिळालं. ते २ नोव्हेंबरला निघाले असते किंवा २९ नोव्हेंबरला, व्याजात एका रुपयाचाही फरक पडला नसता, कारण ज्या महिन्यात पैसे निघतात तो पूर्ण महिना व्याजातून जातो. पण तेच ३१ ऑक्टोबरला निघाले असते तर ऑक्टोबरचं व्याजही गेलं असतं : ६०,००० वर ४१२ रुपये ५० पैसे. दवाखान्याचं बिल समोर असेल तर याचा विचार करू नये, क्लेम लगेच टाकावा. मात्र घराच्या कामासारखं कारण असेल आणि महिन्याचा शेवटचा आठवडा चालू असेल, तर चार दिवस थांबून क्लेम पुढच्या महिन्यात मंजूर होईल असं बघावं. ऑनलाइन क्लेम कधी दोनतीन दिवसांत होतो, कधी आठवडा-पंधरवडा घेतो, त्यामुळे अगदी तारखेवर नेम धरता येत नाही. महिन्याचा अंदाज मात्र धरता येतो.

यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ही उचल परत भरायची नसते. कर्जाचा हप्ता नाही म्हणून लोकांना ती स्वस्त वाटते. २०२४-२५ मध्ये तुमचं नुकसान पाच महिन्यांचं, २,०६२ रुपये, एवढंच दिसलं. पण ते ६०,००० आता कायमचे बाहेर आहेत. दर ८.२५ राहिला तर पुढच्या पूर्ण वर्षात त्यांच्यावरचे ४,९५० रुपये येणार नाहीत, आणि त्या न आलेल्या व्याजावरचं व्याजही येणार नाही. वडिलांच्या ऑपरेशनसाठी काढलेत ते योग्यच केलंत. पण आता खात्यात पैसे दिसतात म्हणून गाडीसाठी किंवा नुसत्या हातखर्चासाठी कारण जुळवून काढू नका, असं मी स्पष्ट सांगेन. तुमच्या पगारात एवढी रक्कम परत साठायला फार काळ लागतो.

व्याज जुलैत दिसलं, मग मधल्या महिन्यांचं काय?

व्याजाचा दर वर्ष संपता संपता ठरतो. पीएफचं केंद्रीय विश्वस्त मंडळ आधी शिफारस करतं, मग केंद्र सरकार त्याला मंजुरी देतं, आणि त्यानंतर कोट्यवधी खात्यांत नोंदी पडतात. २०२४-२५ साठी मंडळाने २८ फेब्रुवारी २०२५ ला ८.२५ टक्क्यांची शिफारस केली आणि मे महिन्यात अर्थ खात्याची संमती आली. त्यामुळे नोंद उन्हाळ्यानंतर दिसली. पण नोंद जुलैत पडली तरी तिची तारीख ३१ मार्च २०२५ चीच धरली जाते.

हे तुम्हाला पासबुकात पाहता येतं. २०२४-२५ च्या पासबुकात शेवटी `Int. Updated upto 31/03/2025` अशी ओळ शोधा. तिच्यात तुमच्या हिश्श्यापुढे ८,६५४ आणि कंपनीच्या हिश्श्यापुढे ३,२२० असेल. मग शिल्लक करा. तुमचा हिस्सा : १,२०,००० वजा ६०,००० अधिक २१,६०० अधिक ८,६५४ म्हणजे ९०,२५४. कंपनीचा : ३६,००० अधिक ६,६०० अधिक ३,२२० म्हणजे ४५,८२०. आता २०२५-२६ चं पासबुक उघडा. सुरुवातीची शिल्लक, म्हणजे `OB` ची ओळ, हेच दोन आकडे दाखवते का ते बघा. दाखवत असेल तर एप्रिल २०२५ पासूनचं व्याज या वाढलेल्या शिल्लकेवर मोजलं जाणार, एकाही महिन्याचं सुटलेलं नाही. दरवर्षी पासबुकात फक्त एवढंच तपासायची सवय लावली तरी पुष्कळ झालं : गेल्या वर्षाची शेवटची शिल्लक आणि या वर्षाची पहिली शिल्लक जुळली पाहिजे.

मे-जूनमध्ये कोणाला नोकरी सोडून पूर्ण पैसे काढायचे असतील तर व्याजाची नोंद पडेपर्यंत क्लेम अडवून ठेवायची गरज नाही. पासबुकात दिसत नसलं तरी क्लेम मंजूर करताना ते व्याज धरूनच रक्कम काढतात.

मोजणी दर महिन्याला होते, पण मोजलेलं व्याज दर महिन्याला मुद्दलात मिसळत नाही, हेही इथेच समजून घ्या. एप्रिलचं व्याज मे च्या शिल्लकेत धरत नाहीत. ते बाजूला साठत राहतं आणि ३१ मार्चला एकदम मुद्दलात जातं, मग त्यावर व्याज सुरू होतं. इंटरनेटवरच्या काही कॅल्क्युलेटरमध्ये दरमहा चक्रवाढ धरलेली असते. तुमच्या १,५६,००० वर, काही न काढता, तसा हिशेब केला तर वर्षाला साधारण पाचशे रुपये जास्त दाखवेल. असा कॅल्क्युलेटर आणि पासबुक यांत फरक आला तर पासबुक खरं धरा.

खरी चूक कशी ओळखायची

ज्या वेळी व्याज खरोखर कमी येतं, त्या वेळी कारण बहुतेकदा व्याजाच्या गणितात नसतं, जमेच्या ओळींत असतं. म्हणून आधी वर्षातल्या बारा ओळी मोजा. एखादा पगार महिना गायब आहे का, आणि प्रत्येक ओळीत तुमच्या हिश्श्यात १,८०० आणि कंपनीच्या हिश्श्यात ५५० आहेत का, हे बघा. स्लिपमध्ये कपात आहे आणि पासबुकात ओळच नाही, तर हा व्याजाचा प्रश्न राहत नाही. तुमचे पैसे भरलेच गेले नसण्याची शक्यता आहे.

ओळ आहे पण उशिराची आहे का, ते तारखेच्या रकान्यावरून कळतं. ड्यू मंथ सप्टेंबर आणि भरल्याची तारीख डिसेंबरातली, असं असेल तर कंपनीने तीन महिने उशीर केला. अशा वेळी दोन हिशेब करून बघा. एकदा ती रक्कम सप्टेंबरातच आली असं धरून, म्हणजे ऑक्टोबर ते मार्च सहा महिने, आणि एकदा डिसेंबरात आली असं धरून, म्हणजे जानेवारी ते मार्च तीन महिने. पासबुकातलं व्याज ज्या हिशेबाशी जुळेल तो तिथे वापरलेला आहे, आणि तुमचं काही गेलं की नाही ते लगेच दिसेल. तुमच्या दोन्ही हिश्श्यांचे मिळून २,३५० रुपये एक महिना उशिरा आले तर फरक फक्त सोळा रुपयांचा असतो. रक्कम लहान आहे. पण उशीर करणारी कंपनी सहसा एकट्याचा उशीर करत नाही, शंभर जणांचा करते आणि दर महिन्याला करते. कायद्यात उशिराबद्दल कंपनीकडून व्याज आणि वर दंड वसूल करायची तरतूद आहे, त्यामुळे कामगारांनी हे लक्षात आणून देण्यात काही गैर नाही.

तक्रारीच्या आधी एक गोष्ट करा. ईपीएफओच्या वेबसाइटवर कंपनीच्या नावाने किंवा कोड नंबरने शोधायची सोय आहे, `Establishment Search`. तिथे `View Payment Details` वर कंपनीने कुठल्या पगार महिन्याचे पैसे कधी भरले, किती भरले आणि किती कामगारांचे भरले हे दिसतं. त्या महिन्याचा भरणाच नसेल तर चूक कंपनीची. भरणा आहे, कामगारांची संख्याही नेहमीइतकी आहे, पण तुमच्या पासबुकात ओळ नाही, तर बहुतेक वेळा कंपनीने पाठवलेल्या यादीत तुमचा नंबर चुकलेला किंवा सुटलेला असतो. तो ऑफिसमधला माणूस दुरुस्त करू शकतो, आधी त्याच्याकडे जा.

तरीही काम झालं नाही तर `epfigms.gov.in` वर तक्रार टाका. तक्रारीत ‘व्याज कमी आलं’ एवढंच लिहिलंत तर उत्तर ‘नियमाप्रमाणे आहे’ असं छापील येईल. त्याऐवजी पगाराचा महिना, स्लिपमधली कपात, पासबुकातली रक्कम किंवा तारीख, आणि तुमच्या हिशेबाने यायला हवं होतं ते व्याज, असं चार ओळींत लिहा. स्लिप आणि पासबुकाचं पान जोडा. नेमका महिना दिला की समोरच्याला नेमकं उत्तर द्यावंच लागतं.

काही मोठ्या कंपन्यांचा पीएफ त्यांच्या स्वतःच्या ट्रस्टकडे असतो. तिथे असं पासबुक ईपीएफओच्या साइटवर दिसत नाही, हिशेबाचा कागद ट्रस्टकडून घ्यावा लागतो. व्याजदर मात्र सरकारने जाहीर केलेल्या दरापेक्षा कमी देता येत नाही.

सुरतचं खातं

जळगाव-धुळे-नंदुरबारहून सुरत-अंकलेश्वरला काम करून परत आलेल्या पुष्कळ जणांची अशी खाती तिकडे आहेत, आणि ‘तीन वर्षं पैसे आले नाहीत की व्याज बंद’ ही समजूत अजून पक्की आहे. ही समजूत उगाच नाही. २०११ पासून काही वर्षं तसा नियम खरोखर होता. नोव्हेंबर २०१६ मध्ये तो बदलला. आता नोकरी सोडली एवढ्यावरून खातं निष्क्रिय होत नाही. वय ५५ झाल्यावर निवृत्ती, कायमचं परदेशी जाणं किंवा मृत्यू, यानंतर ३६ महिन्यांत पैसे मागितले नाहीत तरच खातं निष्क्रिय होतं आणि व्याज थांबतं. तुम्ही कामावर आहात, म्हणून सुरतच्या शिल्लकेवर दरवर्षी पूर्ण बारा महिन्यांचं व्याज पडतं. तपासायलाही ते सर्वांत सोपं आहे : जमा नाही, काढणं नाही, फक्त सुरुवातीची शिल्लक गुणिले त्या वर्षाचा दर. २०२१-२२ ला ८.१०, २०२२-२३ ला ८.१५, २०२३-२४ आणि २०२४-२५ ला ८.२५ टक्के.

व्याज चालू असलं तरी ते खातं आत्ताच्या खात्यात ट्रान्सफर करून घ्या. तुमच्या सेवेची वर्षं जोडली जातात, ती पेन्शनसाठी आणि पुढे कधी पैसे काढताना सेवेच्या अटीसाठी लागतात. शिवाय जुनी कंपनी बंद पडली की नावातली किंवा जन्मतारखेतली चूक दुरुस्त करून घेणं अवघड जातं. दोन्ही खाती एकाच यूएएनखाली, म्हणजे सगळ्या नोकऱ्यांसाठी एकच असणाऱ्या क्रमांकाखाली, आहेत का ते आधी बघा. पासबुक उघडल्यावर वर मेंबर आयडीची यादी येते, तिच्यात सुरतचा नंबर दिसला तर अर्ज मोबाइलवरून ऑनलाइन करता येतो. नाही दिसला तर सुरतला दुसरा यूएएन निघालेला असणार किंवा तुमच्या यूएएनला तो नंबर जोडलाच गेला नसणार. मग सुरतच्या जुन्या पगार स्लिपेवरचा पीएफ नंबर शोधून ठेवा, ट्रान्सफरच्या अर्जात तोच लागतो.